आधी पडदे, मग शेडनेट, शेवटी फॉगर: पॉलिहाऊसचं हवामान हाताळण्याचा क्रम

एप्रिलमधली दुपार, एक वाजलाय. विद्यार्थ्यांच्या हाती सोपवलेलं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस, आत रंगीत ढोबळी मिरची. बाहेर गरम वारा म्हणून बाजूचे पडदे खाली सोडलेले आणि आत पाण्याचं धुकं फवारणारे फॉगर धो-धो चालू. तापमापक ३८ अंश दाखवतोय, आर्द्रता ७५ टक्के, पानांवरून पाणी टपकतंय आणि बेडवर गळलेली फुलं पडलीत. "सर, फॉगर अर्धा तास चालू आहे, तरी तापमान उतरत नाही," असं मला दर बॅचमधून एकदा तरी ऐकावं लागतं.

यंत्रणेत काही बिघाड नसतो, क्रम उलटा झालेला असतो. तापमान, आर्द्रता आणि वायुवीजन हे तीन वेगळे नळ नाहीत; एक फिरवला की उरलेले दोन आपोआप फिरतात. खालच्या पायऱ्या पुणे–मावळ भागातल्या नैसर्गिक वायुवीजनाच्या पॉलिहाऊससाठी लिहिल्या आहेत. म्हणजे पंखा नाही, पॅड नाही, हीटर नाही. हातात फक्त पडदे, वरची कायम उघडी खिडकी, शेडनेट आणि फॉगर.

## पायरी १ : आधी मोजमाप खरं आहे का ते पाहा

ओला-कोरडा तापमापक, म्हणजे एकाच्या बल्बला ओली वात गुंडाळलेली दोन तापमापकांची जोडी, पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, पॉलिहाऊसच्या मध्यभागी टांगा. पीक वाढेल तसा तोही वर सरकवा. त्याच्यावर थेट ऊन पडता कामा नये आणि हवा मात्र खेळली पाहिजे. एखादी पांढरी टोपली उलटी बांधली तरी काम भागतं. दाराशेजारच्या खांबावर, वाचायला सोयीचा म्हणून टांगलेला तापमापक फक्त दाराचं हवामान सांगतो.

ओल्या बल्बची वात हा नेहमीचा घोळ. बोअरचं पाणी वापरलं तर क्षार बसून वात कडक होते आणि पाणी नीट वर चढत नाही. अर्धवट सुकलेला बल्ब हवा तेवढा गार होत नाही, दोन तापमापकांतला फरक कमी दिसतो आणि आर्द्रता आहे त्यापेक्षा जास्त वाचली जाते. मग "आत ७० टक्के आहे" म्हणून तुम्ही निवांत बसता आणि पीक कोरडं पडत असतं. वात दर आठवड्याला बदला, पाणी डिस्टिल्ड वापरा.

तपासणी : इलेक्ट्रॉनिक सेन्सर असला तरी आठवड्यातून एकदा ओल्या-कोरड्या तापमापकाशी ताडून पाहा. फॉगरच्या तुषाराखाली आलेला सेन्सर ओला होतो आणि बराच वेळ १०० टक्क्यांच्या आसपास अडकून बसतो.

## पायरी २ : टक्के म्हणजे पाणी नव्हे, हे पक्कं करा

ही पायरी कागदावरची आहे, पण ती चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात. हवेत वाफ किती मावते हे तापमानावर ठरतं. ती मर्यादा आपण संपृक्त बाष्पदाबाने मोजतो, किलोपास्कलमध्ये:

| तापमान (अंश से.) | संपृक्त बाष्पदाब |
|---|---|
| १२ | १.४० |
| २० | २.३४ |
| २४ | २.९८ |
| २८ | ३.७८ |
| ३० | ४.२४ |
| ३६ | ५.९४ |
| ३८ | ६.६३ |

आता एप्रिलमधली पहाट घ्या: २० अंश, आर्द्रता ७५ टक्के. हवेतली वाफ झाली २.३४ च्या ७५ टक्के, म्हणजे १.७५. हीच हवा दुपारी ३६ अंशांवर गेली, तर १.७५ भागिले ५.९४, म्हणजे जेमतेम ३० टक्के. हवेतून थेंबभरही पाणी कुणी काढलेलं नाही. तापमान चढलं, मर्यादा वाढली, टक्का पडला, एवढंच.

झाडाला मात्र टक्का कळत नाही. त्याला कळते ती तूट, म्हणजे मर्यादा आणि प्रत्यक्ष वाफ यांतला फरक. यालाच आपण व्हीपीडी म्हणतो. पहाटे ती २.३४ वजा १.७५, म्हणजे सुमारे ०.६ होती, दुपारी ५.९४ वजा १.७५, म्हणजे ४.२. हवेची ओढ सात पट झाली. मुळं तेवढं पाणी पुरवू शकत नाहीत, पान पर्णरंध्रं मिटून घेतं, बाष्पोत्सर्ग थांबला की पान तापतं आणि प्रकाशसंश्लेषणही थंडावतं. ढोबळीसाठी ही तूट साधारण ०.५ ते १.२ च्या दरम्यान असली तर बरं.

सावधान : नुसती तूट पाहूनही फसायला होतं. सुरुवातीच्या त्या बंद पॉलिहाऊसमध्ये ३८ अंश आणि ७५ टक्क्यांना तूट १.७ च्या आसपास येते, कागदावर उघड्या पॉलिहाऊसपेक्षा कितीतरी चांगली. पण ३८ अंशांत ढोबळीचे परागकण निकामी होतात आणि फुलं गळतात. म्हणून वहीत तापमान आणि तूट यांचे दोन रकाने शेजारीशेजारी ठेवा.

## पायरी ३ : हवेची वाट मोकळी करा

गरम हवा हलकी होऊन वरच्या खिडकीतून बाहेर पडते आणि तिची जागा घ्यायला बाजूने हवा आत येते. बाजू बंद असली तर वरची खिडकी कितीही मोठी असो, बाहेर जाणाऱ्या हवेची भरपाई होत नाही आणि प्रवाह मरतो. वारा असेल तर तो या कामाला मोठा हातभार लावतो. म्हणूनच वरच्या खिडकीचं तोंड आपल्याकडच्या जोराच्या पश्चिमी वाऱ्याकडे नव्हे, पूर्वेकडे ठेवतात. वारा छपरावरून जाताना आतली हवा ओढून घेतो.

हंगाम सुरू होण्याआधी इन्सेक्ट नेट धुवा. ४० मेशची जाळी नवी असतानाच हवेला अडवते, त्यात धूळ आणि शेवाळ बसलं की तिची भिंत होते. कमी दाबाच्या पाण्याने धुवा, जोराच्या फवाऱ्याने जाळीची वीण सरकते आणि किडींना दार मिळतं. बाजूच्या ओळींतली खालची पिवळी पानंही काढा. जाळीला चिकटून उभं असलेलं दाट पीक हा हवेपुढचा दुसरा पडदाच.

तपासणी : उदबत्ती पेटवून पिकाच्या उंचीवर, मधल्या बेडवर धरा. धूर तिरका जाऊन वर निघाला तर हवा चालते. सरळ वर जाऊन तिथेच घुटमळला तर जाळी, पीक किंवा पडदा, यांपैकी काहीतरी वाट अडवतंय. वरच्या खिडकीला प्लास्टिकची पातळ पट्टी बांधून ठेवली की हवा बाहेर जातेय की आत शिरतेय हे खालूनच दिसतं.

## पायरी ४ : पहाट, आणि "बाहेर धुकं आहे" ही सबब

जानेवारीतली सकाळ. बाहेर १२ अंश आणि ९० टक्के, आत १४ अंश आणि ९८ टक्के, छपराच्या प्लास्टिक फिल्मच्या आतल्या बाजूला थेंब लटकलेले. "बाहेरची ९० टक्क्यांची हवा आत घेतली तर दमटपणा वाढेल", म्हणून पडदे बंद ठेवले जातात. ऐकायला बरोबर वाटतं, आहे मात्र अगदी उलट.

१२ अंशांना ९० टक्के म्हणजे वाफ १.४० च्या ९० टक्के, सुमारे १.२६. ही हवा आत आली आणि उन्हाने २० अंशांपर्यंत तापली, तर १.२६ भागिले २.३४, म्हणजे ५४ टक्के. बाहेरची "दमट" हवा आत येऊन कोरडी झाली, आणि आतली वाफ घेऊन वरच्या खिडकीतून निघून गेली.

वेळ इथे महत्त्वाची आहे. सूर्य वर आला की हवा आणि पानं पटकन तापतात, पण ढोबळीचं जाड फळ आणि खोड मागे राहतं. झाडं बाष्पोत्सर्ग सुरू करतात, वाफ वाढते आणि ती त्या थंड फळावर दव होऊन बसते. ही ओल फिल्मवरच्या थेंबांपेक्षा घातक, कारण ती देठाच्या खोबणीत टिकते आणि तिथूनच कूज सुरू होते.

म्हणून ऊन फिल्मवर येण्याआधीच, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा पडदा वीतभर उघडा. खालची मीटरभर उंचीची कायम बंद पट्टी, म्हणजे एप्रन, तशीच राहू द्या, म्हणजे गार झोत थेट झाडांच्या बुंध्यावर येणार नाही. तापमान २० च्या वर गेलं की टप्प्याटप्प्याने उघडत जा. पडदे एकदम पूर्ण उघडले तर गार हवा सगळ्या पिकावर एकाच वेळी कोसळते.

तपासणी : पडदा उघडल्यावर तासाभरात फळाचा देठ बोटाने चाचपून पाहा. ओला लागला तर उद्या अर्धा तास आधी उघडा.

## पायरी ५ : दुपार. आधी वाट, मग सावली, मग पाणी

पुन्हा एप्रिलच्या त्या दुपारीकडे येऊ. आत ३६ अंश आणि ३० टक्के आहेत असं धरा.

पहिलं काम, पडदे. दहाच्या सुमारास सगळे पूर्ण उघडे हवेत. हवा बाहेर जात नसेल तर फॉगरने केलेली वाफही आतच साठते, आणि वाफेने भरलेल्या हवेत आणखी पाणी मुरत नाही. बाष्पीभवनाने हवा ओल्या बल्बच्या तापमानापर्यंतच गार होऊ शकते, त्याखाली नाही. आपल्या उघड्या पॉलिहाऊसमध्ये ३६ अंश आणि ३० टक्क्यांना ओला बल्ब २३ च्या आसपास असतो, म्हणजे तेरा अंशांची जागा शिल्लक आहे. सुरुवातीच्या बंद पॉलिहाऊसमध्ये, ३८ अंश आणि ७५ टक्क्यांना, ओला बल्ब जवळजवळ ३४. तिथे चार अंशांच्या वर काही मिळणार नव्हतं, फॉगर संध्याकाळपर्यंत चालवला असता तरी.

दुसरं, शेडनेट. साधारण अकरा ते साडेतीन. आत येणारी उष्णता दारातच अडवणं हे आत आल्यावर तिला गार करत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. पण आतल्या बाजूचं शेडनेट भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून लावलं की ते गरम हवेची वरची वाट अडवतं. खांबांच्या दोन ओळींमधल्या प्रत्येक गाळ्यात हातभर फट सोडा. चंदेरी ॲल्युमिनियमचं नेट ऊन परतवतं. काळं नेट स्वतः तापतं आणि ती उष्णता आतच सोडतं. ढग आले तर नेट मागे ओढा. दिवसभर सावलीत ठेवलेली ढोबळी उंच वाढते, पेरं लांबतात आणि फुलगळ होतेच. मग दोष उष्णतेला दिला जातो.

तिसरं, फॉगर. इथे किती पाणी लागतं याचा हिशोब एकदा स्वतः करा, कारण उत्तर ऐकून बहुतेक जण विश्वास ठेवत नाहीत. दहा गुंठे म्हणजे सुमारे १००० चौरस मीटर. सरासरी उंची साडेपाच मीटर धरली तर आत ५५०० घनमीटर हवा. एक घनमीटर हवा एक अंशाने गार करायला साधारण १.०६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. सहा अंशांसाठी ५५०० × १.०६ × ६, म्हणजे जवळपास ३५,००० किलोज्यूल. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४३० किलोज्यूल ओढून घेतं. भागाकार केला की उत्तर येतं १४ ते १५ लिटर.

अख्ख्या पॉलिहाऊसची हवा ३६ वरून ३० वर आणायला एका बादलीभर पाण्याची वाफ पुरे. तासाला २८ लिटर देणारे चारतोंडी फॉगर १०० असतील, तर एवढं पाणी २० सेकंदांत बाहेर पडतं! बाकीचं सगळं पानांवर आणि बेडवर पडतं.

अर्थात ऊन थांबत नाही, हवा बदलत राहते, त्यामुळे पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. म्हणून लांब फेरी नको, छोटे हप्ते हवेत: २० ते ३० सेकंद चालू, मग काही मिनिटं बंद. बंद किती वेळ, हे घड्याळापेक्षा पानाला विचारा. पान पूर्ण कोरडं झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही.

या हिशोबाने हवा ३० अंशांवर आली की आर्द्रता ५० टक्क्यांच्या थोडी वर जाते आणि तूट ४.२ वरून २.१ वर उतरते. म्हणजे निम्मी झाली, तरी १.२ नाहीच. एप्रिलच्या भर दुपारी पंख्या-पॅडशिवाय यापेक्षा फार पुढे जाता येत नाही, आणि आकडा गाठायच्या हट्टाने फॉगर लावून ठेवला तर पीक ओलं होतं, हवा तेवढी बदलत नाही.

सावधान : फॉगरला सुमारे ४ बार दाब लागतो. दाब कमी पडला की धुक्याऐवजी पाऊस पडतो. मोटर बंद झाल्यावर तोंडातून थेंब गळत असतील तर गळती थांबवणारा व्हॉल्व्ह बदला, नाहीतर ओळीने त्याच झाडांवर रोग दिसेल. पाण्यात क्षार असतील तर पानांवर पांढरे डाग पडतात. विद्यार्थी त्यांना भुरी समजून बुरशीनाशक मारतात. ओल्या बोटाने पुसून पाहा आणि पान उलटा. ढोबळीवरची भुरी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी दिसते आणि वर पिवळट चट्टे पडतात.

तपासणी : वर्तमानपत्राची पट्टी पिकाच्या उंचीवर धरा आणि एक हप्ता चालवा. पट्टी दमट झाली तर चालेल. थेंबांचे ठिपके उमटले तर दाब किंवा वेळ चुकलाय.

शेवटचा हप्ता चारच्या आत. सूर्यास्ताआधी पान कोरडं झालंच पाहिजे.

## पायरी ६ : संध्याकाळी वाफ बाहेर काढून मगच बंद करा

थंडीच्या दिवसांत साडेपाचला पडदे टाकून घरी जाण्याची सवय सगळीकडे आहे. त्या वेळी आत २८ अंश आणि ६५ टक्के असतील तर वाफ २.४६. एवढी वाफ २१ अंशांखाली मावत नाही. रात्री तापमान १४ वर जाणार आहे, म्हणजे मध्यरात्रीच्या आधीच दव पडायला लागणार आणि सकाळपर्यंत पीक ओलं राहणार. पायरी ४ मधले ते लटकलेले थेंब इथून येतात.

क्रम असा ठेवा. ठिबकचं शेवटचं पाणी दुपारी तीनच्या आत, कारण ओला बेड रात्रभर वाफ सोडतो. सूर्यास्तापर्यंत पडदे उघडे ठेवून आतली हवा बाहेरच्या कोरड्या हवेशी बदलून घ्या. दिवसाचे दोन-तीन अंश गेले तरी चालतील. मग पडदे टाका, पण वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला वरून चार बोटं फट सोडा. एप्रिल-मेमध्ये रात्री पडदे टाकायची गरजच नसते.

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री एक गंमत दिसते: साध्या फिल्मच्या बंद पॉलिहाऊसमध्ये आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कमी असू शकतं. फिल्म उष्णतेची प्रारणं आकाशाकडे जाऊ देते, आणि बाहेरची हवा आत मिसळत नाही म्हणून आतली हवा आणखी गार होते. अशा रात्री "ऊब राहावी" म्हणून सगळं घट्ट बंद केलं की ऊब राहत नाही आणि ओल मात्र राहते. आत-बाहेर दोन तापमापक ठेवून पहाटे वाचा, एकदा स्वतः पाहिलं की पटतं. रात्री शेडनेट ओढून घेतलं तर हे नुकसान थोडं कमी होतं.

## पायरी ७ : पावसाळ्यात फॉगरला कुलूप

जुलैत बाहेर २४ अंश आणि ९२ टक्के असतात, ओला बल्ब २३. फॉगरने एक अंश मिळणार आणि पीक भिजणार. आर्द्रता कमी करायला इथे एकच साधन उरतं: आतली हवा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश ऊबदार होऊ देणं आणि ती सतत बदलत राहणं. बाहेरची तीच हवा २७ अंशांवर ७७ टक्क्यांपर्यंत उतरते. झाडांची वाफ तिच्यात भर घालते, म्हणून वाट मोकळी हवी. पावसाचा झोत येतो तेवढ्या पश्चिमेच्या बाजूचाच पडदा टाका, चारही बाजू नकोत. शेडनेट मागे ओढलेलं ठेवा. फांद्यांची छाटणी वेळेवर करा, पिकाच्या आतली हवा तापमापकाच्या हवेपेक्षा नेहमी ओली असते.

## पायरी ८ : वही आणि फळ एकत्र वाचा

रोज पाच नोंदी पुरतात: सूर्योदयाआधी, दहाला, दोनला, सूर्यास्ताला, आणि रात्री नऊला. प्रत्येक वेळी आतलं आणि बाहेरचं कोरडं-ओलं तापमान, पडद्याची स्थिती, फॉगरचे हप्ते.

ही वही कामी येते ती फळाच्या टोकाला तपकिरी, दबलेला डाग दिसतो तेव्हा. विद्यार्थी लगेच "कॅल्शियमची कमतरता" म्हणून कॅल्शियम नायट्रेट वाढवतात. पण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच फिरतं. दुपारी तूट फार वाढली की पानं सगळं पाणी ओढतात आणि फळाला काही उरत नाही. दिवसेंदिवस हवा दमट राहिली की प्रवाहच मंदावतो. डाग दोन्हीकडे सारखाच दिसतो, उपाय मात्र उलटे. डाग दिसण्याआधीच्या दोन आठवड्यांतल्या दोन वाजताच्या नोंदी काढा. तूट ३ च्या वर असेल तर सावली लवकर घ्या आणि फॉगरचे हप्ते वाढवा. ती ०.३ च्या खाली रेंगाळत असेल तर पडदे उघडा, आणि पायरी ३ मधली उदबत्ती पुन्हा पेटवा.